जुने दर, संपलेल्या ऑफर आणि वादळाआधीचे फोटो : होमस्टेचालकांत फिरणाऱ्या एका सल्ल्याला उत्तर

"वेबसाइटवरचं जुनं काढायच्या भानगडीत पडू नका. जुनी पानं गूगलला आवडतात, ती काढलीत तर नंबर खाली जाईल. खाली 'दर बदलू शकतात' अशी एक ओळ टाका, संपलेल्या ऑफरची लिंक मेनूतून काढा, फोटो छान आहेत तोवर राहू द्या. दरवर्षी सगळी साइट तपासत बसायला वेळ कुणाला आहे?"

कोकण किनाऱ्यावरच्या होमस्टेचालकांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये हा सल्ला पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. मी अशा काही लहान व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळतो. हा सल्ला पाळून काय होते, हे दापोली तालुक्यातील नऊ खोल्यांच्या एका होमस्टेमध्ये मी जवळून पाहिले आहे, म्हणून त्याच उदाहरणाच्या आधारे एकेक मुद्दा घेतो.

प्रथम त्या ओळीविषयी. 'दर बदलू शकतात' हे विधान पुढे होणाऱ्या बदलाबद्दल आहे. खोलीचा दर दोन वर्षांपूर्वीच बदलला असेल आणि मालकाला ते ठाऊक असेल, तर ती ओळ त्या परिस्थितीला लागूच होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेट आणि वेबसाइट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत खुलाशाच्या ओळीचे काम ठरवून दिले आहे. अशी ओळ मूळ दाव्याचे स्पष्टीकरण देऊ शकते, पण त्या दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करण्यासाठीही ती वापरता येत नाही. प्राधिकरण लगेच एखाद्या होमस्टेच्या दारात येईल असे मी म्हणत नाही. ज्याला १८०० रुपये वाचून आल्यावर २६०० सांगितले जातात तो पाहुणा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू शकतो, आणि तेव्हा त्या बारीक अक्षरांतल्या ओळीचा आधार घेता येत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

दापोलीच्या त्या होमस्टेत नेमके हेच घडले. मालकांनी खोल्यांच्या पानावरचा दर वेळेवर २६०० केला होता, त्यामुळे काम झाले अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मे महिन्यात एक कुटुंब फोनवर १८०० रुपयांचा स्क्रीनशॉट घेऊन आले. दोघेही खरे बोलत होते. आम्ही त्या संध्याकाळी बसून शोधले तेव्हा जुना दर आणखी पाच ठिकाणी सापडला. प्रत्येक पानाच्या तळपट्टीत '१८०० पासून' असे होते. गूगलच्या निकालात नावाखाली जे दोन ओळींचे वर्णन दिसते, त्यासाठी साइटमध्ये भरलेल्या मजकुरात तो होता. दरपत्रकाचे एक जेपीजी चित्र आणि उतरवून घेता येणारी एक पीडीएफ यांत तो होता. शिवाय पानावर न दिसणाऱ्या, केवळ शोधयंत्रांसाठी लिहिलेल्या माहितीत ही ओळ होती:

```
"priceRange": "₹1800 - ₹2400"
```

असा दर शोधताना एक फसवणूक होते, तीही सांगतो. तोच आकडा साइटवर '1800', '1,800' आणि '१८००' अशा तीन रूपांत लिहिलेला असतो आणि एका रूपाचा शोध दुसरे रूप दाखवीलच असे नाही. म्हणून गूगलमध्ये `site:` या शब्दापुढे आपल्या साइटचा पत्ता आणि त्यापुढे आकडा टाकून तिन्ही रूपे वेगवेगळी शोधावीत. ही साइट ज्या वर्डप्रेस प्रणालीवर चालते, तिच्यातल्या पानांच्या शोधात तळपट्टीतला मजकूर येत नाही, आणि चित्रातला आकडा त्यात कधीच सापडत नाही. दरपत्रक चित्राच्या स्वरूपात ठेवू नये असे मी सांगतो त्याचे कारण हेच आहे. चित्र कोणी तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यातली चूक उघड होत नाही.

जुना आकडा नेहमी कमीच असतो असेही नाही. या होमस्टेची जीएसटी नोंदणी आहे आणि साइटवर 'अधिक १२% जीएसटी' असे लिहिलेले होते. दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५% झाला. २६०० रुपयांच्या खोलीचे १२ टक्क्यांनी २९१२ रुपये होतात आणि ५ टक्क्यांनी २७३० होतात. म्हणजे न बदललेल्या एका ओळीमुळे ते स्वतःची खोली रात्रीला १८२ रुपयांनी महाग दाखवीत होते, आणि जो पाहुणा ते वाचून दुसरीकडे गेला तो फोन करून तसे कळवणारही नव्हता.

आता पानांच्या वयाविषयी. या मुद्द्यात थोडे तथ्य आहे आणि त्यामुळेच तो पटतो. एखाद्या पानाच्या पत्त्याकडे इतर साइटवरून दुवे आलेले असतात, लोकांनी तो जपून ठेवलेला असतो, आणि तो पत्ता एकाएकी नाहीसा झाला तर ते सारे वाया जाते. पण ही पुण्याई पत्त्याची आहे, त्यावरच्या शिळ्या मजकुराची नाही. पत्ता तोच ठेवून आतला दर, मजकूर आणि फोटो बदलले तर गमवायचे काहीच राहत नाही. मजकूर न बदलता केवळ पानावरची तारीख पुढे सरकवणे ही पळवाटही काही जण सुचवतात. गूगलने स्वतःच्या सूचनांमध्ये तसे करू नये असे सांगितले आहे, आणि पाहुण्याच्या दृष्टीने तर ते जुन्या दरावर आजची तारीख घालण्यासारखे आहे.

मेनूतून लिंक काढल्याने पान जात नाही. त्याचा पत्ता चालूच राहतो, शोधयंत्रांसाठी ठेवलेल्या पानांच्या यादीत, म्हणजे साइटमॅपमध्ये, ते राहते, गूगलला ते आधीपासून माहीत असते आणि व्हॉट्सअॅपवर कोणी तरी पाठवलेल्या जुन्या संदेशातून ते थेट उघडते. या साइटवर २०२२ ची 'दोन रात्रींवर तिसरी रात्र मोफत' ही पावसाळी ऑफर मेनूत कुठेच नव्हती, तरी `/wp-sitemap.xml` उघडून त्यातल्या पानांच्या यादीच्या दुव्यावर गेल्याबरोबर ती दिसली. तपासणीची सुरुवात याच यादीपासून करावी. आपल्याला आठवणारी पाने आणि खरोखर अस्तित्वात असलेली पाने यांत किती अंतर आहे ते तिथे कळते. या साइटची बारा पाने असल्याचे मालक सांगत होते, प्रत्यक्षात तेवीस निघाली.

संपलेल्या ऑफरचे काय करायचे, हे ती पुन्हा येणार आहे की नाही यावर ठरते. पावसाळी सवलत दरवर्षी असेल तर तिला वर्ष नसलेला एकच पत्ता द्यावा, हंगाम संपला की त्या पानावर 'यंदाची सवलत संपली' असे लिहावे, आणि जुना पत्ता कायमचा त्याकडे वळवावा. जी ऑफर पुन्हा कधीच येणार नाही तिचे पान 'गेले' असे सरळ जाहीर करावे. अपाचे सर्व्हरवरील `.htaccess` फाइलमध्ये हे दोन ओळींत होते:

```
Redirect 301 /monsoon-offer-2022/ /monsoon-offer/
Redirect gone /diwali-offer-2021/
```

सगळी जुनी पाने मुख्य पानाकडे वळवून मोकळे होण्याचा मोह टाळावा. ऑफर शोधत आलेला माणूस मुख्य पानावर पोहोचून गोंधळतो, आणि गूगलही असे वळण बहुधा 'पान सापडले नाही' असेच धरते. गूगल सर्च कन्सोलमधील `Removals` या सोयीने पान निकालांतून लवकर दिसेनासे होते, पण ते सुमारे सहा महिन्यांपुरतेच. तेवढ्यात मूळ पान काढले नाही तर ते परत येते.

फोटोंच्या मुद्द्यावर मला अधिक बोलायचे आहे, कारण येथे 'छान' हा शब्दच अडचणीचा आहे. या साइटच्या पहिल्या पानावर मे २०१८ मधला फोटो होता : दोन पोफळींना बांधलेली झोळी, मागे दाट आगर, जमिनीवर गडद सावली आणि त्या सावलीत पितळी तांब्या ठेवलेला बाकडा. फोटो खरोखरच सुंदर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गेले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. या आगरातल्या त्या दोन्ही पोफळी त्यातच गेल्या. पुन्हा लावलेली रोपे वाढत आहेत, परंतु अंगणात मे महिन्याच्या दुपारी ऊन असते. वयस्कर आईला सावलीत बसता येईल म्हणून हीच जागा निवडलेल्या एका बाईंनी मालकांना विचारले, "काका, ती झोळीची जागा कुठली?" त्यांच्याकडे दाखवायला जागा नव्हती. त्या फोटोत खोटे काहीच नव्हते, तरीही त्याने चुकीचे आश्वासन दिले होते.

तो फोटो काढून टाकणे हे मालकांना जड गेले, आणि ते मला समजते. शेवटी आम्ही तो 'आमचे आगर, वादळापूर्वी, मे २०१८' अशा ओळीसह घराच्या इतिहासाच्या पानावर नेला आणि पहिल्या पानावर आजच्या अंगणाचा फोटो लावला. प्रत्येक फोटोखाली महिना आणि वर्ष लिहिण्याची सवय तेव्हापासून लागली, त्यामुळे पुढच्या वर्षी कोणता फोटो पाहायचा ते शोधावे लागत नाही. जे फोटो पूर्णपणे काढायचे होते, त्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागली. वर्डप्रेसमध्ये पानावरून फोटो काढला तरी फाइल सर्व्हरवर राहते आणि `/wp-content/uploads/2018/05/` अशा पत्त्यावर थेट उघडते. तिच्या लहान-मोठ्या आकारांच्या प्रतीही तिथेच असतात. माध्यम संग्रहातून ती कायमची पुसली की या प्रतीही जातात. मात्र पुसण्याआधी ती दुसऱ्या कुठल्या पानावर वापरलेली नाही ना हे पाहावे, नाही तर तिथे फुटकी चौकट दिसते. नवा फोटो जुन्याच नावाने चढवू नये, कारण पूर्वी साइट पाहिलेल्यांच्या फोनमध्ये साठलेला जुना फोटोच काही काळ दिसत राहतो.

गूगल मॅप्सवर पाहुण्यांनी टाकलेले जुने फोटो या तपासणीने जात नाहीत. ते केवळ जुने आहेत म्हणून हटवून मिळत नाहीत. तिथे आपले ताजे फोटो घालणे एवढेच हातात असते.

राहिला वेळेचा प्रश्न. या तेवीस पानांना पहिल्या वर्षी दोन संध्याकाळी लागल्या, त्यातली बहुतेक वेळ दर कुठे कुठे दडला आहे हे शोधण्यात गेली. ती ठिकाणे आम्ही एका वहीच्या पानावर लिहून ठेवली : खोल्यांचे पान, तळपट्टी, गूगलसाठीचे वर्णन, `priceRange`, पीडीएफ, कराची ओळ, आणि प्रत्येक ऑफरपुढे तिची शेवटची तारीख. दरपत्रकाचे चित्र काढूनच टाकल्यामुळे ते यादीत राहिले नाही. गणपती उरकले की आणि दिवाळीच्या सुट्टीची चौकशी सुरू व्हायच्या आत मालक आता ती वही घेऊन बसतात. गेल्या खेपेस त्यांचे काम दीड तासात झाले, आणि तळपट्टीत राहून गेलेला एक बंद पडलेला फोन नंबर त्यांनी स्वतःच पकडला.