इब्न अरबीच्या कवितेची पुढची ओळ

"सूफी प्रेमकवी आणि शरियत यांचा काडीचाही संबंध नव्हता. 'अनल हक' म्हटलं म्हणून सगळ्या मुल्लांनी एकमताने हल्लाजला सुळावर चढवलं, खुद्द त्याच्या गुरूने, जुनैदने, फतव्यावर सही केली. आणि इब्न अरबीने तर 'माझा धर्म प्रेम' असं लिहून इस्लामच सोडला!"

हा मजकूर बराच काळ फिरतो आहे आणि मी तो सोडून देत आले. आता तो माझ्या भाचीच्या वहीत आला आहे. ती एम.ए. करते, तिला 'धर्म आणि साहित्य' असा पेपर आहे, त्यात सूफी प्रेमकाव्यावर टिपण लिहायचं आहे, आणि तिने व तिच्या मैत्रिणींनी टिपणाचा पाया म्हणून हीच वाक्यं घेतली आहेत. म्हणून हे लिहिते. सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करते, कारण सर्वांत जास्त नुकसान तेच करतं.

ज्या ओळींवर ते वाक्य उभं आहे, त्या 'तर्जुमान अल-अश्वाक' या इब्न अरबीच्या संग्रहातल्या अकराव्या कवितेत आहेत. संग्रहात ६१ कविता आहेत. रेनॉल्ड निकल्सन यांनी १९११ साली मूळ अरबी पाठ, इंग्रजी भाषांतर आणि इब्न अरबीने स्वतः लिहिलेल्या टीकेचा, म्हणजे अर्थ उलगडणाऱ्या भाष्याचा, निवडक भाग असं सगळं एकत्र छापलं. या कवितेबद्दल मी जे सांगणार आहे ते बहुतेक त्याच पुस्तकातून घेतलं आहे, आणि हे टिपण लिहिणाऱ्या प्रत्येकाने निदान त्याची अकरावी कविता तरी काढून वाचावी.

कवी म्हणतो, माझं हृदय आता कुठलंही रूप घेतं. ते हरिणांचं कुरण होतं, ख्रिस्ती साधूंचा मठ होतं, मूर्तींचं देऊळ होतं, यात्रेकरूंचा काबा होतं, ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथाच्या पाट्या होतं आणि कुराणाची प्रतही होतं. मी प्रेमाच्या धर्माचा. त्याचे उंट जिकडे वळतील तिकडे माझा धर्म आणि माझी श्रद्धा. फिरणाऱ्या मजकुरात कविता इथे संपते. प्रत्यक्षात तिच्यात आणखी एक कडवं आहे. हिंदवर प्रेम करणारा बिश्र, कैस आणि लुब्ना, मय्या आणि घैलान, यांचा कित्ता आमच्यापुढे आहे, असं ते शेवटचं कडवं सांगतं. ही सगळी अरबी प्रेमकथांमधली माणसं. म्हणजे जगातल्या धर्मांची नावं घेतल्यावर कवी थेट वाळवंटातल्या वेड्या प्रेमिकांकडे येतो. हे कडवं कापलं की उरलेल्या ओळी एखाद्या सर्वधर्मसभेच्या ठरावासारख्या दिसू लागतात, आणि तेच व्हावं म्हणून ते कापलं जातं असं माझं मत आहे.

आता या ओळींचा अर्थ कवीने स्वतः काय सांगितला ते पाहा. 'प्रेमाचा धर्म' या शब्दांवर टीका लिहिताना त्याने कुराणातल्या तिसऱ्या सूरेची ३१वी आयत पुढे केली. तिचा आशय असा: तुमचं अल्लाहवर प्रेम असेल तर माझ्यामागून या, म्हणजे अल्लाह तुमच्यावर प्रेम करील. इथे 'माझ्या' म्हणजे पैगंबराच्या. कवी पुढे म्हणतो की प्रेमावर उभा असलेला हा धर्म मुसलमानांचा खास वाटा आहे, कारण पूर्ण प्रेमाचं पद इतर पैगंबरांपेक्षा मुहंमदांना मिळालं आहे. कुराणाची प्रत होणारं हृदय म्हणजे मुहंमदी ज्ञानाचा वारसा मिळालेलं हृदय, हेही त्याचंच स्पष्टीकरण. आणि त्या कापलेल्या कडव्यावर तो म्हणतो: प्रेम म्हणून त्यांचं आणि माझं प्रेम एकच आहे, फरक फक्त कुणावर प्रेम केलं याचा, त्यांनी दिसणाऱ्या रूपावर केलं, मी सत्यावर केलं. याला इस्लाम सोडणं म्हणायचं असेल तर शब्दांना काही अर्थच उरत नाही.

ही टीका लिहायची वेळ त्याच्यावर का आली, हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे आणि टिपणात यायला हवा तो हाच भाग. इब्न अरबीचा जन्म ११६५चा, स्पेनमधल्या मुर्सियातला. हिजरी ५९८ मध्ये, म्हणजे १२०२च्या सुमारास, तो मक्केला पोचला. तिथे इस्फहानहून आलेले एक विद्वान शेख होते, जाहिर इब्न रुस्तम. त्यांच्याकडे त्याने तिर्मिझीच्या हदीससंग्रहाचा, म्हणजे पैगंबराच्या वचनांच्या संग्रहाचा, अभ्यास केला. या शेखांची मुलगी निजाम. तिचं रूप, तिची विद्वत्ता, तिचं बोलणं यांचं वर्णन त्याने संग्रहाच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने केलं आणि या कवितांत मी कुठलंही नाव घेतलं तरी ते तिचंच आहे, असंही लिहिलं. त्याच प्रस्तावनेत तो हेही बजावतो की या ओळींतून मी सतत ईश्वरी गोष्टींकडेच बोट दाखवतो आहे. शरियतशी संबंध नसलेला कवी शोधणाऱ्यांनी हे जरूर पाहावं की ही प्रेमकविता हदीसच्या शिक्षकाच्या घरातून निघाली आहे.

कविता फिरू लागल्या आणि अलेप्पोत एका फकिहाने, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडिताने, उघड शंका घेतली. त्याचं म्हणणं असं होतं की यात ईश्वरी रहस्य वगैरे काही नाही. शेखची ख्याती धर्मनिष्ठ म्हणून आहे, तेव्हा साध्या शृंगाराला झाकण म्हणून हा गूढार्थ पुढे केला आहे. बद्र अल-हबशी आणि इस्माइल इब्न सौदकीन या शिष्यांनी ही गोष्ट गुरूच्या कानावर घातली आणि ओळींचा अर्थ लिहून द्यावा अशी विनंती केली. टीकेचा काही भाग काजी इब्न अल-अदीम यांनी फकिहांच्या मेळाव्यात वाचून दाखवला. तो ऐकून त्या शंकेखोराने पश्चात्ताप व्यक्त केला, असं इब्न अरबी लिहितो. टीका हिजरी ६११ मध्ये, म्हणजे १२१४-१५च्या सुमारास, पुरी झाली. या सगळ्यात तलवार कुठेच नाही. आहे तो अर्थावरचा वाद, आणि कवी तो फकिहांच्या बैठकीत, कुराणाची आयत हातात घेऊन लढतो.

इथे एक गोष्ट मला मान्य करावी लागते, जरी ती या मजकुराच्या बाजूची वाटेल. त्या फकिहाची शंका वेडगळ नव्हती. संग्रहातल्या काही कविता नेहमीच्या अरबी प्रेमकवितेपासून वेगळ्या काढताच येत नाहीत: उजाड झालेला तळ, निघून गेलेले उंट, नज्दची आठवण, पाझरणारे डोळे. टीकेशिवाय सहानुभूतीचा वाचकही त्या गूढार्थांपर्यंत क्वचितच पोचला असता, असं निकल्सनही म्हणतात. पण काही कविता उघडच आध्यात्मिक आहेत आणि त्यांच्यावरून बाकीच्यांची दिशा कळते, हेही ते सांगतात. काही स्पष्टीकरणं मलाही ओढून आणलेली वाटतात. तरी ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या वाचणाऱ्या मराठी माणसाला यात अडचण यायचं कारण नाही. विरहिणीचा पती कोण हे तिथे कुणी विचारत नाही, आणि तिची व्याकुळता खोटी आहे असंही म्हणत नाही.

आणि ज्यांना या कवीत आधुनिक सर्वधर्मसमभाव हवाच आहे, त्यांनी त्याचं दुसरं लिखाणही पाहावं. 'फुतूहात अल-मक्किय्या' या त्याच्या प्रचंड ग्रंथात शुद्धी, नमाज, जकात, रोजा आणि हज यांवर सलग पाच लांबच लांब प्रकरणं आहेत. प्रत्येक नियमावर फकिहांची वेगवेगळी मतं आधी मांडायची आणि मग त्याचा आतला अर्थ सांगायचा, अशी त्यांची रीत आहे. अनातोलियाचा सेल्जुक सुलतान कैकाऊस याला त्याने पत्र लिहून ख्रिस्ती प्रजेवर खलिफा उमरच्या नावावर असलेले निर्बंध कडक लावायला सांगितलं, नवी चर्च बांधू देऊ नयेत हेही. मला हे पत्र आवडत नाही. पण कवीच्या हृदयातला मठ आणि राज्यातलं चर्च या दोन गोष्टी त्याच्या लेखी वेगळ्या होत्या, आणि टिपण लिहिणाऱ्याने दोन्ही मांडायला हव्यात.

आता 'अनल हक', म्हणजे 'मीच सत्य', म्हणणाऱ्या हल्लाज या सूफीबद्दल थोडक्यात. त्याला बगदादेत मार्च ९२२ मध्ये मारलं. जुनैद वारला ९१० मध्ये. बारा वर्षं आधी मेलेला माणूस सही करत नाही. ही गोष्ट नंतरच्या संतचरित्रांतून आली आहे आणि तारखा पाहायची तसदी कुणी घेत नाही.

एकमताचंही तसंच. इस्लामी कायद्याच्या शाफई पंथाचे मोठे पंडित इब्न सुरैज यांनी अशा माणसाच्या अंतरीच्या स्फूर्तीबद्दल निवाडा करणं आपल्या अधिकाराबाहेर आहे म्हणून हात झटकले होते. हल्लाजविरुद्ध पहिल्यांदा मत देणारे इब्न दाऊद हे स्वतः प्रेमकाव्याच्या एका प्रसिद्ध संकलनाचे कर्ते होते, तेव्हा 'कवी विरुद्ध फकीह' ही वाटणीसुद्धा टिकत नाही. शेवटच्या खटल्यात त्याला गुंतवलं गेलं ते हजच्या मुद्द्यावरून. हजला जाणं शक्य नसलेल्याने घरात एक स्वच्छ जागा राखावी, हजच्या दिवसांत तिला प्रदक्षिणा घालावी, तीस अनाथ मुलांना जेवू घालावं, की हज झाली, असं त्याच्या कागदांत सापडलं. त्याने हसन बसरीच्या ग्रंथाचा आधार सांगितला. काजी अबू उमर चिडून म्हणाले की तो ग्रंथ आम्ही वाचला आहे, त्यात हे नाही, आणि रागाच्या भरात 'तुझं रक्त सांडणं वैध आहे' अशा अर्थाचे शब्द बोलून गेले. वजीर हामिदने तेच शब्द पकडले आणि लिहून द्या म्हणून काजींच्या मागे लागला. दुसरे काजी इब्न बुहलूल यांनी नकार दिला. त्याचा खरोखर असा विश्वास आहे हे सिद्ध झाल्याशिवाय मृत्युदंड देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वजिराला सही कुठून तरी हवी होती, ती मिळाली. 'अनल हक'मुळे त्याच्याभोवती संशय दाटला होता, एवढं खरं. निकालपत्राचा आधार तो शब्द नव्हता.

आणि संबंध नसल्याचं पहिलं वाक्य? बगदादच्या निजामिया या मदरशात कायदा शिकवणारे गझाली, मृत्यू ११११, यांनी 'मिश्कात अल-अन्वार' या ग्रंथात 'अनल हक'सारख्या याच उद्गारांवर लिहिलं आहे की नशेतल्या प्रेमिकांचं बोलणं घडी घालून ठेवावं, सांगत फिरू नये. नशेत बोललेल्याला पाखंडी ठरवायचं नाही आणि त्या बोलण्याला सिद्धांतही करायचं नाही, अशी ही कायदेपंडिताने काढलेली वाट आहे. ती सगळ्यांना पटली नाही. इब्न तैमिय्यांनी, मृत्यू १३२८, इब्न अरबीवर कठोर हल्ला केला, पण त्यांचा मुख्य रोख इब्न अरबीच्याच 'फुसूस अल-हिकम' या ग्रंथातल्या अस्तित्वाच्या एकत्वाच्या विचारावर होता, निजामवरच्या कवितांवर नव्हता.