४३० की २६८? वार्षिक कार्यक्रमाच्या लाइव्हवरील रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू (१ तारा): "कालिदास कलामंदिरातल्या आमच्या क्लासच्या कार्यक्रमाचं लाइव्ह यांना दिलं. स्क्रीनवर ४३० दिसत होते, रिपोर्टमध्ये एका वेळचे जास्तीत जास्त २६८! प्रायोजकाला काय तोंड दाखवायचं? आकडा कापतात."

सर, नमस्कार. प्रायोजकासमोर तुमची अडचण झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण 'कापतात' हा शब्द लागला. आमचं बिल दिवसाचं असतं, प्रेक्षकांमागे नाही. आकडा कापून आमच्या पदरात काय पडणार?

स्क्रीनवर दिसत होती ती कनेक्शन. लिंक उघडली की एक कनेक्शन, मग तो मोबाइल असो की टीव्ही. रिपोर्टमध्ये माणसं आहेत: ओटीपी ज्या मोबाइल नंबरवर येतो, तो नंबर कितीही उपकरणांवर टाकला तरी एकदाच धरतो.

४३० हा आकडा ७:४० चा. चॅट उघडून पाहा, त्याच मिनिटाला सिडकोतल्या मंडळींनी "लाइट गेली" लिहिलंय. वायफाय बंद पडलं, लोक मोबाइल डेटावर आले. कुणी पेज बंद केलं तर सर्व्हरला लगेच कळतं. राउटरच बंद पडला तर निरोप कोण देणार? साठ सेकंद काहीच आलं नाही, की मग सर्व्हर ते कनेक्शन काढून टाकतो. तोवर जुनं आणि नवं दोन्ही मोजलं जातं. अशी मेलेली कनेक्शन ४४ होती. दोन मिनिटांत आकडा ३८६ वर आला, कार्यक्रम सोडून मात्र कुणी गेलं नव्हतं. उरलेल्यांत ११८ ही त्याच नंबरांवरची दुसरी-तिसरी उपकरणं. आता बोलायचं नव्हतं, पण "टीव्ही आणि मोबाइल दोन्हीवर लावा, आकडा वाढेल" हा मेसेज तुमच्याच क्लासच्या ग्रुपवर गेला होता ना?

आयपी पत्त्यावरून का मोजत नाही, असं तुमच्या चिरंजीवांनी फोनवर विचारलं. मोबाइल कंपन्या कित्येक ग्राहकांना एकाच पत्त्यामागून बाहेर काढतात, आणि एका घरच्या वायफायवरचे चौघेही एकच दिसतात. तसं मोजलं असतं तर २६८ सुद्धा भरले नसते.

एक मात्र खरं, टीव्हीसमोर आजी-आजोबांसकट सहा जण बसले तरी आमच्याकडे एकच नोंद होते. आणि आईने एका नंबरावर, मुलाने दुसऱ्यावर लावलं तर दोन. प्रायोजकाला हे जरूर सांगा. शिवाय संपूर्ण संध्याकाळभरात येऊन गेलेली वेगवेगळी माणसं ३४१ आहेत, तो आकडा रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर होता. पहिल्याच पानावर थांबलात, सर.

यापुढे स्क्रीनवर दोन्ही आकडे नावासकट दाखवायचा विचार आहे, गणपतीच्या आधी बहुतेक होईल. प्रायोजकांशी बोलायचं असेल तर मी स्वतः येतो, वेळ कळवा. आणि जमलं तर त्या एका ताऱ्याचं काहीतरी बघा.