पाटी उभ्या माणसासाठी लिहा

आज जरा चिडूनच लिहितेय. आत्याला घेऊन एका छोट्या वस्तुसंग्रहालयात गेले होते. एक सुंदर वीरगळ आहे तिथे, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. माणसाच्या कमरेएवढा, कोरीवकाम अजून शाबूत. आणि त्याची पाटी? वहीचं अख्खं पान भरेल एवढा मजकूर. आत्या गुडघ्यावर हात ठेवून, चष्मा वरखाली करत वाचत राहिली. निम्म्यावर आली आणि म्हणाली, "चल पुढे." दगडाकडे तिने पाहिलंच नाही!

पाटीची सुरुवात "प्रस्तुत वीरगळ हा मध्ययुगीन कालखंडातील असून" अशी. मग शिलाहार, मग यादव, मग शब्दाची कन्नडमधली व्युत्पत्ती, मग लांबी-रुंदी, मग दगड कुणाच्या शेतात मिळाला ते. दगडावर काय कोरलंय, ते थेट शेवटून दुसऱ्या वाक्यात. तिथपर्यंत उभ्याने कोण पोचणार?

मी स्वतः प्रदर्शनांसाठी पाट्या लिहिते, म्हणून हे जास्त टोचतं. पहिलं वाक्य डोळ्यांना दिसतं त्याचंच हवं. माणूस वस्तूसमोर उभा आहे, त्याला आधी कुठे बघायचं ते सांगा. इतिहास त्याला चिकटून येतो. घरी येऊन त्याच पाटीवर कात्री चालवली, ती अशी:

"सर्वांत खाली आडवा पडलेला माणूस आणि त्याच्यामागच्या गाई बघा. गोष्ट इथून वर वाचायची. गाई पळवणाऱ्यांशी तो कसा लढला, ते वरच्या चौकटीत आहे. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावरचे चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती राहील. दगडावर नाव नाही. तो बहुधा गावातलाच कुणी असावा."

झाली पाटी. पन्नासेक शब्द, मोठ्याने वाचायला अर्धा मिनिट. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसुद्धा एका वस्तूच्या लेबलासाठी आपल्या लोकांना साधारण ६० शब्दच देतं. काळ, दगडाचा प्रकार, सापडल्याचं गाव, नोंदणी क्रमांक हे सगळं खाली बारीक अक्षरात एका ओळीत. घराण्यांचा इतिहास दालनाच्या दारावरच्या मोठ्या फलकावर, एकदाच. प्रत्येक दगडाने तो पुन्हा का सांगायचा?

आत्याला तिथे उभ्या उभ्या मी तोंडी हेच सांगितलं होतं. ती खाली वाकली, गाईंवरून बोट फिरवल्यासारखं केलं (हात नाही लावला, शहाणी आहे माझी आत्या) आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या वेशीवरचा दगड! आम्ही त्याला शेंदूर लावतो." एवढं आयुष्य त्या दगडाला नमस्कार करत गेलं, आणि त्यावर लढाई कोरलीय हे तिला आज कळलं. लिहिताना पुन्हा गळा दाटतोय.

हो, अभ्यासकांना तपशील लागतो. मान्य. त्यांच्यासाठी पुस्तिका ठेवा, बसायला बाक ठेवा. आणि कापताना अर्थ बिघडू शकतो, हेही खरं. म्हणून माझ्या पाटीतला "बहुधा" मी कापला नाही. जागा वाचवायला पहिला तोच शब्द उडवतात आणि अंदाजाची खात्री होऊन बसते. विशेषणं उडवा, "प्रदर्शित करण्यात आलेला आहे" उडवा (समोर दिसतोय ना!), पण शंका दाखवणारा शब्द ठेवा.

पाटी जमली की नाही, हे टेबलावर बसून कळत नाही. साध्या कागदावर खऱ्या आकारात छापा, वस्तूशेजारी चिकटवा आणि विषय माहीत नसलेल्या कुणालातरी उभं करा. त्याचे डोळे बघा. दर वाक्या-दोन वाक्यांनी ते दगडाकडे गेले, तर पाटी चालली. कागदावरच खिळून राहिले, तर अजून कापा. एखाद्या ओळीवर तो मागे जाऊन पुन्हा वाचू लागला, तर ते वाक्य तोडा. आणि देवनागरीला ओळींमध्ये मोकळी जागा द्या. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडले की आत्याच्या वयाच्या डोळ्यांना नुसता काळा पट्टा दिसतो. अक्षर लहान करून मजकूर बसवणं म्हणजे कापणं नव्हे!

सगळ्यात संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ती पाटी समोरच्या भिंतीवर लावलीय. वाचायची तर वीरगळाकडे पाठ करून उभं राहावं लागतं. मजकूर बदलायला वेळ लागेल, समजू शकते. पण चार स्क्रू काढून ती दगडाच्या बाजूला, छातीच्या उंचीवर लावायला एक दुपार पुरे. तिथल्या अभिप्राय वहीत हे लिहून आलेय, खाली फोन नंबरही दिलाय. बोलावलं तर माझा स्क्रूड्रायव्हर घेऊन जाईन.