सुपर ओव्हर कळत नाही म्हणणाऱ्यांसाठी: बंगळूरची ती रात्र

"सुपर ओव्हर म्हणजे नुसती लॉटरी," असं घराघरात ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. नशीब असतंच, पण त्या सहा चेंडूंत कर्णधाराला जेवढं डोकं चालवावं लागतं तेवढं आधीच्या चाळीस ओव्हर्समध्येही लागत नाही. नुकतंच क्रिकेट बघायला लागलेल्यांनी १७ जानेवारी २०२४ ची बंगळूरची भारत-अफगाणिस्तान टी-२० मॅच शोधून बघावी. सुपर ओव्हरचे जवळजवळ सगळे नियम त्या एका रात्रीत समजतात. एक नियम तर तिथे असा अडकला की त्यावरून आजही वाद घालता येतो.

आधी थोडक्यात. दोन्ही संघांच्या धावा सारख्या झाल्या की मॅच टाय. विकेट कोणाच्या किती पडल्या याला आता काही किंमत नाही. पूर्वी असायची. १९८७ मध्ये हैदराबादला भारत आणि पाकिस्तान दोघांच्याही २१२ धावा झाल्या होत्या आणि आपल्या सहा, त्यांच्या सात विकेट पडल्या म्हणून आपण जिंकलो. आता टी-२० मध्ये टाय झाली की सुपर ओव्हर होते: प्रत्येक संघाला एक ओव्हर, बॉलर एकच, फलंदाज जास्तीत जास्त तीन. दोन विकेट पडल्या की डाव संपला, चेंडू शिल्लक असले तरी. आणि मॅचमध्ये ज्यांनी दुसरी बॅटिंग केली, ते सुपर ओव्हरमध्ये पहिली करतात.

आता बंगळूर. आपली सुरुवात भयंकर होती, ४ बाद २२. तिथून रोहितने नाबाद १२१ आणि रिंकूने नाबाद ६९ करत धावसंख्या २१२ वर नेली. अफगाणिस्तानला शेवटच्या ओव्हरमध्ये १९ हव्या होत्या, मुकेश कुमारने १८ दिल्या. २१२-२१२.

अफगाणिस्तानने पाठलाग केला होता, म्हणून सुपर ओव्हरमध्ये ते आधी आले. बॉलर पुन्हा मुकेशच. पहिल्याच चेंडूवर कोहलीच्या थ्रोवर गुलबदीन रनआउट झाला. म्हणजे आणखी एक विकेट गेली की खेळ खल्लास. तरी गुरबाज आणि नबीने धावा जमवल्या. शेवटच्या चेंडूवर एक गंमत झाली. नबीची बॅट लागली नाही, चेंडू संजू सॅमसनकडे गेला, त्याने स्टंपवर थ्रो केला, तो नबीच्या अंगाला लागून लांब गेला आणि त्यांनी तीन धावा पळून काढल्या. रोहित चिडला. पण नियमात ते बसतं. फलंदाजाने मुद्दाम अडवलं नसेल तर चेंडू जिवंतच असतो. अशा वेळी पळायचं नाही हा फक्त शिष्टाचार. एकूण १६ झाल्या, आपल्याला १७ हव्या होत्या.

ओमरझाईच्या पहिल्या दोन चेंडूंवर एकेक धाव. मग रोहितचे लागोपाठ दोन सिक्स. पाचव्यावर पुन्हा एक. झाल्या १५. शेवटच्या चेंडूवर जिंकायला दोन हव्यात, स्ट्राइकवर जैस्वाल, दुसऱ्या टोकाला रोहित.

आणि इथे रोहित स्वतःहून बाहेर गेला! त्याच्या जागी धावायला रिंकू आला. हिशोब सरळ होता: दोन धावा पळायच्या तर दुसऱ्या टोकाला जास्त चपळ माणूस हवा. जैस्वालला एकच धाव मिळाली. पुन्हा टाय.

२०१९ पर्यंत अशा वेळी चौकार-षटकार मोजायचे. त्या वर्षीच्या लॉर्ड्सवरच्या वर्ल्डकप फायनलमध्ये मॅच २४१-२४१, सुपर ओव्हर १५-१५, आणि इंग्लंड २६ विरुद्ध १७ बाउंड्रींवर विश्वविजेते. न्यूझीलंडने पळून काढलेली धाव हलकी आणि चौकारातली भारी, हे कुठलं गणित? त्याच ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियम काढला हे उत्तम झालं. आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हरवर सुपर ओव्हर.

पण दुसऱ्या सुपर ओव्हरला दोन अटी असतात आणि खरी मजा तिथे आहे. पहिलीत बॉलिंग केलेला बॉलर पुन्हा चालत नाही, आणि पहिलीत बाद झालेला फलंदाज पुन्हा येऊ शकत नाही. म्हणजे मुकेश आणि ओमरझाई दोघंही बाजूला. तुमचा सगळ्यात भरवशाचा बॉलर आधीच वापरून झालेला असतो, आता दुसरा कोण आहे ते दाखवा. क्रमही उलटतो: आधी ज्यांनी नंतर बॅटिंग केली ते आता आधी. म्हणजे भारत.

आणि बॅटिंगला कोण आलं? रोहित आणि रिंकू.

वाद इथून सुरू होतो. रोहित आधी बाहेर गेला तो कुठल्या खात्यात धरायचा? दुखापतीमुळे गेला असेल तर तो नाबाद, परत येऊ शकतो. डावपेच म्हणून गेला असेल तर तो 'रिटायर्ड आउट', म्हणजे बादच, आणि मग दुसऱ्या सुपर ओव्हरमध्ये त्याला जागाच नाही. त्या क्षणी अंपायरनी मैदानात काहीच स्पष्ट केलं नाही. मी रोहितचा भक्त आहे, पण खरं सांगायचं तर डावपेच उघड दिसत होता आणि तो बाद धरायला हवा होता. त्यात रोहितचा दोष नाही. फलंदाज बाहेर जातो तेव्हाच अंपायरने हात करून सांगावं की हा बाद की नाबाद. वाइडला हात पसरतात, मग याला का नाही?

तर रोहितने फरीद अहमदला सिक्स, फोर, एक असे ११ काढले. चौथ्या चेंडूवर रिंकू कीपरकडे कॅच आणि पाचव्यावर रोहित रनआउट. दोन विकेट पडल्या, सहावा चेंडू टाकलाच नाही. अफगाणिस्तानला १२ हव्यात.

रोहितने चेंडू रवी बिश्नोईला दिला. सामन्यात त्याला एकही विकेट नव्हती, मार मात्र बरा पडला होता. पण १२ धावांसाठी फलंदाजाला मोठा फटका मारावाच लागणार, आणि स्पिनरला वेग स्वतः निर्माण करून मारावं लागतं. पहिल्याच चेंडूवर नबीचा फटका थेट रिंकूच्या हातात. तिसऱ्यावर गुरबाजचाही, पुन्हा रिंकूच. तीन चेंडूंत एक धाव, दोन विकेट, मॅच संपली.

वाइड-नोबॉल सुपर ओव्हरमध्येही नेहमीसारखेच मोजतात, आणि तिथे ते फारच महाग पडतात. जून २०२४ मध्ये डॅलसला पाकिस्तानच्या आमीरने अमेरिकेला १८ दिल्या, त्यातल्या सात अवांतर. पुढे पाकिस्तानला १३ वर रोखणारा कोण? आपल्या मुंबईचा सौरभ नेत्रावळकर.

आणखी एक गोष्ट, कारण ग्रुपवर हमखास विचारतात: बंगळूरच्या दोन सुपर ओव्हर्समध्ये रोहितने केलेल्या २४ धावा त्याच्या कारकिर्दीच्या आकड्यांत नाहीत. बिश्नोईच्या दोन विकेटही नाहीत. स्कोअरकार्डवर त्या मॅचपुढे 'टाय' लिहिलेलं असतं, आणि भारत दुसऱ्या सुपर ओव्हरमध्ये जिंकला एवढीच पुढे नोंद.