सुरमई, सोलकढी आणि माझा एक स्टार

जुलैत पुण्यात एका मालवणी हॉटेलात आम्ही चौघं जेवायला गेलो होतो, नाव मुद्दाम देत नाहीये. सुरमई थाळी मागवली, तुकडी आली ती कोरडी ठक्क, चावताना अक्षरशः धागे निघत होते. घरी येताना रिक्षातच रिव्ह्यू टाईप केला, "बेकार मासे, पैसे वाया, अजिबात जाऊ नका" आणि एक स्टार.

ताईने वाचला आणि विचारलं, अरे पण बिघडलं काय होतं नेमकं? वास येत होता का? तर नाही, वास अजिबात नव्हता. शिळा मासा मऊ पडतो, बोट लावलं की पिठासारखा होतो आणि उग्र वास मारतो, हा तर उलट घट्ट आणि कोरडा होता, म्हणजे बहुतेक बर्फातला. आणि जुलै! १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यात पुण्यात ताजी सुरमई कुठून येणार? हे डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. म्हणून रिव्ह्यूत तारीख किंवा निदान महिना टाकाच, मासे खाणाऱ्याला त्यावरूनच निम्मं कळतं.

पण म्हणून हॉटेलची चूक नाही असंही नाही हां. बोर्डावर "ताजी सुरमई" लिहिलेलं होतं, ते खटकलंच आणि ते लिहायलाच हवं.

मग सगळा खोडून परत लिहिला, तो असा:

"जुलैतला रविवार, दुपारी दीड, चौघं. सुरमई थाळी. बोर्डावर ताजी लिहिलंय पण तुकडी बर्फातली वाटली, वास नव्हता पण कोरडी होती. वरचा रवा मात्र कुरकुरीत आणि मीठ-तिखट बेताचं. सोलकढी पातळ, नारळाचं पहिलं दूध कमीच असावं. आमटीत तिरफळाचा वास छान, मला जरा तिखट लागली पण ताईला तीच आवडली. टेबलसाठी पाऊण तास थांबलो, रविवार होता. वाढणारे दादा न मागता भात आणत होते. तीन स्टार."

"मला तिखट लागली" आणि "आमटी तिखटजाळ आहे" यात खूप फरक आहे, पहिली माझी जीभ झाली आणि दुसरा ठपका. तसंच थांबावं लागलं त्याचा राग सुरमईवर काढायचा नाही, त्याचं वेगळं वाक्य लिहायचं. आणि "वाटली", "असावं" हे शब्द मी घाबरून नाही वापरलेत, मी काही त्यांच्या किचनमधे जाऊन फ्रीजर उघडून बघितला नव्हता, मला जेवढं कळलं तेवढंच लिहिलं.

सप्टेंबरात परत गेलो, यावेळी वार मंगळवार. तुकडीला काटा लावला तर पाकळ्या सुटत होत्या, आत ओलसर, मस्त! त्याच रिव्ह्यूखाली तारीख टाकून हे लिहिलं आणि चार स्टार केले. सोलकढी अजून पातळच आहे, तेही लिहिलंय.