पोस्त द्या, पण तेराने भागून

दिवाळी तोंडावर आली की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तक्ता टाकतो: कोणाला किती पोस्त द्यायची, 'सेवेच्या महिन्यांप्रमाणे'. परवा आमच्याकडेही आला. वाचून धन्य झालो. मुंबईत राहायचं तर ही विद्या प्रत्येक घराला यायलाच हवी.

आधी घराची मर्यादा ठरवा. समजा 3600 रुपये. मग पूर्ण वर्षाचा दर लिहा: वॉचमन 1200, झाडूवाली 1800, पेपरवाला 600, दूधवाला 600. प्रत्येक दराला 12 ने भागा आणि कामाच्या महिन्यांनी गुणा. दिवसपाळीचा वॉचमन वर्षभर आहे, त्याचे 1200. रात्रपाळीचा एप्रिलपासून, म्हणजे सात महिने, त्याचे 700. झाडूवालीचे 1800, पेपरवाल्याचे 600. दूधवाला चार महिन्यांपूर्वी बदलला, त्याचे 200. बेरीज 4500. मर्यादेबाहेर गेली, म्हणून प्रत्येकाला रुपयामागे 80 पैसे: 960, 560, 1440, 480 आणि 160. जवळच्या पन्नासावर आणलं की 950, 550, 1450, 500, 150. बेरीज बरोब्बर 3600. इथवर हिशेब खरोखर चोख आहे.

आता खरी हुशारी.

भागाकार 12 ऐवजी 13 ने करा. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठ होता, 17 मे ते 15 जून. गेल्या वर्षीचं लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, यंदाचं 8 नोव्हेंबरला. दिवाळी ते दिवाळी तेरा महिने! रात्रपाळीवाल्याच्या 700 चे लगेच 646 होतात. दिवसपाळीवाला तेराही महिने उभा होता, पण त्याला तेरापैकी तेरा, म्हणजे पुन्हा 1200 च. त्याच अधिकात जावयाला 33 अनारसे मोजून दिले असतील, तिथे भागाकार करू नका. जावई तो जावई.

कुरिअर आणि घरपोच सामान आणणारी पोरं रोज नवी येतात, तेव्हा त्यांचे महिने शून्य धरा. गुणाकार सोपा जातो.

झाडूवाली मे महिन्यात गावाला गेली होती ना? बारातून एक वजा, 150 रुपये वाचले. त्या महिन्यात जिना रोज झाडला गेला, ओला-सुका कचरा दारातून उचलला गेला, हे तक्त्यात दाखवायला रकाना नाही. बदली बाई तिनेच आणून दिली होती आणि तिचे पैसेही आपल्या पगारातून दिले होते. पण तो तिच्या घरचा प्रश्न.

आणि सगळ्यात मोठी बचत गेलेल्या माणसात असते. रात्रपाळीचा आधीचा वॉचमन नोव्हेंबर ते मार्च होता. त्याचे पाच महिने तक्त्यात कुठे आहेत? नाहीत, कारण तो दिवाळीला गेटवर नाही. वॉचमन आपल्या मर्जीने जात नाही हो! एजन्सीचा सुपरवायझर एका संध्याकाळी येतो आणि म्हणतो, उद्यापासून दुसऱ्या साइटवर. का, ते त्यालाही सांगत नाहीत. तिथे तो नवा, म्हणून तिथले तक्तेवाले त्याला एप्रिलपासूनचे सात महिने मोजणार. इथले पाच आपण गिळले. पंप बंद पडला तेव्हा रात्री दोनला चौथ्या मजल्याची बेल वाजवायला कोण आलं होतं? हाच माणूस दरवर्षी साइट बदलत राहिला, तर त्याला कुठल्याच दिवाळीत पूर्ण पोस्त मिळणार नाही. आणि बदली एजन्सी करते, तो नाही!

बास. आता सरळ बोलतो.

महिने मोजायचेच तर नीट मोजा. 'हा बहुधा गणपतीनंतर आला' हे मोजणं नव्हे. केबिनमधल्या हजेरीच्या वहीत त्याची पहिली सही बघा. पंधरा दिवसांवर काम झालं असेल तर तो महिना पूर्ण धरा. भागाकार बारानेच. बदली देऊन घेतलेली रजा कापू नका. 1965 च्या बोनस कायद्यातसुद्धा वर्षात 30 दिवस काम झालं की हक्क लागू व्हायचा, आणि आपण पाच महिन्यांचा माणूस पुसून टाकतो?

त्याचे 1200 पैकी पाच महिन्यांचे 500 बेरजेत घाला. ती 5000 होते. मर्यादा 3600 लाच खिळली असेल, तर सगळ्यांना 72 पैशांनी द्या. झाडूवालीचे 1450 चे 1300 होतील, हे तिच्याकडे बघून द्यावं लागेल. ते जमत नसेल तर मर्यादा 400 ने वाढवा, सगळे पुन्हा 80 पैशांवर येतात. चारशे रुपये! फराळाच्या ऑर्डरीत एक डबा कमी करा. गेलेल्या वॉचमनचा नंबर त्याच हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर असतो. पैसे थेट त्याला पाठवा, सुपरवायझरच्या हातात पाकीट देऊ नका. आणि पाकिटावर 'वॉचमन' नका लिहू, नाव लिहा. पाच महिने तुमच्या गाडीला गेट उघडत होता, नाव विचारून घ्या.