यांनी, यांनी आणि यांनी

गणपतीच्या मांडवात आरती संपली की लाउडस्पीकरवर वर्गणीदारांची नावं वाचायला घेतात. 'अमुक यांजकडून रुपये एकशे एक, तमुक यांजकडून रुपये एक्कावन्न.' गर्दी तरीही हलत नाही, कारण प्रसाद अजून वाटलेला नसतो आणि आपलं नाव अजून आलेलं नसतं. पीएचडीच्या सेमिनारमध्ये 'पूर्वसंशोधनाचा आढावा' ही स्लाइड झळकली की मला हाच मांडव आठवतो. प्रसादाच्या जागी कागदी कपातला चहा आणि दोन ग्लुकोज बिस्किटं असतात. आपलं नाव येईल म्हणून ताटकळणारे प्राध्यापक मात्र हुबेहूब तेच.

"अमुक यांनी 2006 मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की... तमुक यांनी 2009 मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की..." अशा चौतीस स्लाइड. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार संशोधक विद्यार्थ्याला दर सत्रात सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावं लागतं. म्हणजे हा मांडव वर्षातून दोनदा पडतो, आणि माझ्यासारख्या माणसाला त्यात बसण्याचे पैसेही मिळत नाहीत.

दोष पोरांचा म्हणावा तर तसाही नाही. टिपणं काढतानाच एका लेखाला एक पान अशी काढलेली असतात. सेमिनारच्या आदल्या रात्री त्या पानांच्या स्लाइड होतात आणि त्या सालाप्रमाणे लावल्या जातात. साल निवडण्याचं कारण एवढंच की ते लावायला डोकं लागत नाही. मग गाइड म्हणतात, "अरे, थीमवाइज कर." विद्यार्थी गुणी असतो, लगेच करतो. आधीच्या चौतीस स्लाइडमध्ये तीन नव्या घुसवतो: 'परदेशातील अभ्यास', 'भारतातील अभ्यास', 'महाराष्ट्रातील अभ्यास'. ही थीम नव्हे, पोस्टातली टपाल निवडायची खणं झाली. पत्रात काय लिहिलंय ते खणाला ठाऊक नसतं.

खरी थीम ओळखायची कशी, ते एखादा विषय हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही. समजा, विषय आहे बचत गट आणि लहान कर्जं. आपल्याकडे या विषयावर इतके प्रबंध आहेत की एखाद्या गटातल्या बायकांपेक्षा त्यांच्यावर लिहिणारेच जास्त निघायचे. यात बांगलादेशचे तीन अभ्यास हमखास येतात. गेट्झ आणि सेन गुप्ता यांचा 1996 चा. हाशमी, शूलर आणि रायली यांचाही 1996 चाच, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच नियतकालिकात, 'वर्ल्ड डेव्हलपमेंट'मध्ये. तिसरा नैला कबीर यांचा, 2001 चा, तोही तिथलाच.

यादीवाल्याच्या तोंडी हे कसं येतं? "गेट्झ व सेन गुप्ता यांच्या मते बायकांच्या नावावरच्या बऱ्याच कर्जांवर घरातल्या पुरुषांचा ताबा असतो." पुढची स्लाइड. "हाशमी व इतर यांच्या मते कर्जामुळे बायकांचे सक्षमीकरण होते." पुढची स्लाइड. बोलणारा दोन्ही वाक्यं एकाच सुरात, एकाच श्रद्धेने म्हणतो. देश एक, काळ एक, उत्तरं उलटी, आणि दोघांत भांडण आहे याचा पत्ता ना बोलणाऱ्याला, ना ऐकणाऱ्याला. मग नऊ स्लाइडनंतर कबीर येतात. त्या नेमकं हे भांडणच सोडवतायत, पण तोवर सभागृहातले निम्मे लोक मोबाइलवर असतात आणि उरलेले निम्मे चहाकडे बघत असतात.

आता हेच तीन अभ्यास एका प्रश्नाखाली आणा: 'कर्ज बाईच्या नावावर निघालं म्हणजे बाईचं वजन वाढतं का?' गेट्झ-सेन गुप्ता विचारतात की पैसा नक्की कोण वापरतं. हाशमी आणि मंडळी आठ गोष्टी मोजतात. बाई एकटी कुठे कुठे जाते, छोटी खरेदी आपल्या मनाने करते का, मोठी करते का, घरातल्या महत्त्वाच्या निर्णयांत तिला विचारतात का, कायदा आणि राजकारण तिला कितपत ठाऊक आहे, असल्या. एकाने पैशाची वाट मोजली, दुसऱ्याने बाईची वाट. नवऱ्याने त्या पैशातून रिक्षा घेतली आणि तरीही घरात बायकोचा शब्द वजनदार झाला, असं एकाच घरात घडू शकतं. कबीर यांनी दाखवलं ते हेच, की निष्कर्ष उलटे आले कारण सक्षमीकरण म्हणजे काय याची प्रत्येकाची कल्पनाच वेगळी होती. तीन अभ्यास, एक स्लाइड, दोन मिनिटं. समितीतला डुलकी घेणारा सभासदही इथे डोळे उघडतो, कारण भांडण ऐकायला कोणाला आवडत नाही?

म्हणजे थीम हे विषयाचं नाव नसतं. 'महिला सक्षमीकरण' असा मथळा देऊन खाली सहा ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यात एक आडनाव, हा वेष बदललेला वर्गणीदारच. थीम म्हणजे असा प्रश्न, ज्याचं उत्तर दोन अभ्यास वेगवेगळं देतात, किंवा एकच देतात पण वेगवेगळ्या वाटेने. त्याची परीक्षा मी अगदी गावठी घेतो. त्या गटातले अभ्यास पत्त्यांसारखे पिसायचे आणि पुन्हा वाचून बघायचं. क्रम बदलूनही काही बिघडलं नाही तर ती यादी आहे. 'पण', 'कारण', 'याउलट' हे शब्द लंगडे पडले तर समजावं की आत खरंच काही बांधकाम होतं. त्याहून सोपी परीक्षा कीबोर्डवर होते: `Ctrl+F` दाबून 'यांनी' शोधायचं. पंधरा मिनिटांच्या भाषणात चाळीस 'यांनी' निघाले तर लाउडस्पीकर आणायला हरकत नाही.

हे घडवायचं काम स्लाइडवर होत नाही, एक्सेलवर होतं. आडव्या ओळीत अभ्यास, उभ्या रकान्यात प्रश्न. रकान्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह नसेल तर रकाना खोडायचा. खणात दहा-बारा शब्दांत उत्तर आणि त्याला चिकटून मोजलं कसं ते. विद्यार्थी हे 'मोजलं कसं' हमखास गाळतात, आणि भांडणाचं मूळ नेमकं त्यातच असतं. चाळीस अभ्यास भरून झाले की चादर आडवी न वाचता उभी वाचायची. ज्या रकान्यात सगळी उत्तरं एकसारखी आहेत तो एका वाक्यात उरकायचा. ज्यात उत्तरं एकमेकांच्या अंगावर येतात ती तुमची थीम. ज्यात दोनच खण भरलेत आणि बाकी पांढरं आहे तिथे तुमचा प्रबंध जाऊन बसतो. 'संशोधनातील पोकळी' दाखवायला मग वेगळी स्लाइड लागत नाही. ती चादरीत आपोआप दिसते, मच्छरदाणीतलं भोक दिसावं तशी.

एकच अभ्यास दोन थीममध्ये आला की विद्यार्थी घाबरतात, जणू एका नवरदेवाला दोन मांडवांत उभं केलं. यायलाच पाहिजे. पिट आणि खंडकर यांचा 1998 चा बांगलादेशवरचा अभ्यास घ्या. बाईला दिलेल्या दर शंभर टाका कर्जामागे घराचा वार्षिक खर्च अठरा टाकांनी वाढतो, पुरुषाला दिलं तर अकरांनी, असा त्यांचा आकडा. 'घर सावरतं का?' या प्रश्नाखाली तो येतोच. पण रुडमन आणि मॉर्डक यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि 2014 मध्ये छापलं की टोकाच्या मोजक्या नोंदी बाजूला काढल्या तर हा संबंध विरून जातो. म्हणून तोच अभ्यास 'हे कळलं कसं?' या पद्धतीच्या थीममध्येही पुन्हा हजर. सालवार लावलेल्या भाषणात पिट-खंडकर सातव्या स्लाइडवर असतात आणि रुडमन-मॉर्डक एकोणतिसाव्या. मधल्या एकवीस स्लाइडभर सभागृह अठरा टाकांवर निवांत विश्वास ठेवून बसतं.

अभ्यासांचे असे गट करण्यात धोका नाही असं मात्र नाही. 'अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल: अप्लाइड इकॉनॉमिक्स'च्या जानेवारी 2015 च्या अंकात बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले लहान कर्जांवरचे सहा प्रयोग एकत्र आले. सहांना एका वाक्यात बसवता येतं: सरासरी घराचं उत्पन्न भरघोस वाढल्याचं कुठेही दिसलं नाही. वाक्य खरं आहे, टाळ्याही मिळतात. मग समितीतलं कुणीतरी हळूच विचारतं, "हैदराबादमध्ये किती जणांनी कर्ज घेतलं होतं हो?" भारतातला प्रयोग तिथलाच. 104 वस्त्या होत्या, त्यातल्या निम्म्यांत लहान कर्जं देणाऱ्या एका सूक्ष्मवित्त कंपनीने आधी शाखा उघडली. वर्ष-दीड वर्षाने पाहिलं तर अशा वस्त्यांत सुमारे 27 टक्के घरांकडे सूक्ष्मवित्त कंपनीचं कर्ज होतं आणि दुसऱ्या वस्त्यांत सुमारे 18 टक्के. फरक जेमतेम आठ-नऊ टक्क्यांचा. पिठल्याच्या अख्ख्या पातेल्यात एकच मिरची घातली आणि तिखट लागलं नाही म्हणून मिरचीला दोष दिला, तर कसं चालेल? 'परिणाम दिसला नाही' या थीमच्या आधी 'कर्ज मुळात घेतलं कोणी?' ही थीम लागते. थीमचा क्रमही असा एकीच्या उत्तरातून दुसरीचा प्रश्न निघेल असा लावायचा. माझ्या मते पंधरा मिनिटांत तीन थीम होतात, प्रत्येकी चार मिनिटं. चौथी घेतली की शेवटची दोन मिनिटं नुसती स्लाइड पुढे ढकलण्यात जातात.

स्लाइडचा मथळा पूर्ण वाक्यात हवा. 'कर्ज आणि उत्पन्न' नव्हे, 'धंदा वाढतो, घरचं उत्पन्न तेवढं वाढत नाही' असा. नावं आणि सालं खाली बारीक अक्षरात. ती वाचून दाखवायची नाहीत. समितीला वाचता येतं, निदान स्वतःचं नाव तरी येतं.

आता त्या नावाचंच. थीमप्रमाणे मांडलं की चाळीसातले पंचवीस अभ्यास तोंडी येतच नाहीत, पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात गुपचूप बसतात. भाषण संपतं, अध्यक्ष "उत्तम" म्हणतात, आणि दुसऱ्या रांगेतले एक वयस्कर सर घसा खाकरतात. "मांडणी छान. पण आमचा 2008 चा लेख काही दिसला नाही." यासाठी आभाराच्या स्लाइडनंतर ती अख्खी एक्सेलची चादर चिकटवून ठेवायची, अक्षराचा आकार आठ, सगळ्या चाळीस ओळी. शांतपणे तिथे जायचं आणि म्हणायचं, "सर, ओळ सतरा. तिसऱ्या प्रश्नावर तुमचं उत्तर ओळ बाविसाच्या विरुद्ध जातं." सर चष्मा पुसून पडद्याजवळ जातात, वाकून वाचतात, आणि मागे वळून विचारतात, "हे ओळ बावीसवाले कोण?"

तोवर चहा आलेला असतो.